घटस्थापना की दसरा? : नव्या मशीनच्या घसाऱ्याचं पहिलं वर्ष

२०२४ साली पितृपक्ष २ ऑक्टोबरला संपला, ३ तारखेला घट बसले आणि १२ तारखेला दसरा आला. कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी घ्या किंवा नाशिकचं सातपूर-अंबड, छोट्या कारखान्यांतला रिवाज साधारण एकच दिसेल. पितृपक्षात नवं मशीन सुरू करायचं नाही, आणि दसरा तोंडावर असेल तर त्याच दिवशी हार घालून, नारळ फोडून पहिला जॉब लावायचा. रिवाज चांगला आहे, मलाही तो आवडतो. पण त्या वर्षी घटस्थापना आणि दसरा यांच्यामध्ये आयकर कायद्याची एक रेघ पडली होती. ती ओलांडून सुरू झालेल्या प्रत्येक मशीनचा पहिल्या वर्षाचा घसारा आयकराच्या हिशेबात निम्मा झाला. आणि ज्या कारखान्यांच्या वह्यांत तेच मशीन सप्टेंबरपासून ‘तयार’ म्हणून नोंदलेलं होतं, त्यांच्याकडे एकाच मशीनचे दोन वेगळे आरंभदिन तयार झाले.

वर्षाच्या मधोमध घेतलेल्या मशीनच्या घसाऱ्यात जो गोंधळ होतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा या तारखांत असतं. गणित चौथीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. म्हणून आधी एक मशीन डोळ्यांसमोर आणू आणि त्याच्या तारखा नीट लावू.

शिरोलीत एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे असं धरा. दहा-बारा कामगार, आसपासच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग. तिने एक नवा सीएनसी लेथ घेतला. बिलातली मूळ किंमत १८,८०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,३८,४०० रुपये. ट्रकभाडं आणि हायड्रा क्रेन ३५,०००, काँक्रीटचं फाउंडेशन ४०,०००, केबल, स्टॅबिलायझर आणि जोडणी ४५,०००. मशीन २४ सप्टेंबरला आलं. २८ सप्टेंबरला पुरवठादाराच्या इंजिनिअरने लेव्हल लावून, टेस्ट पीस काढून, अचूकता तपासून इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही घेतली. त्या दिवशी मशीन पूर्ण तयार होतं. पण पितृपक्ष चालू होता, म्हणून ते झाकून ठेवलं आणि दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, पहिला जॉब लागला.

पहिला प्रश्न : घसारा कशावर? मशीन चालण्याच्या स्थितीत आणि चालण्याच्या जागी येईपर्यंत जो खर्च झाला तो सगळा त्याच्या किमतीत धरतात. क्रेन आणि फाउंडेशन हे ‘वाहतूक’ आणि ‘बांधकाम’ या खात्यांत टाकून त्याच वर्षी खर्ची घालण्याची सवय बऱ्याच अकाउंटंटना असते. ती चुकीची आहे, ती रक्कम मशीनच्या अंगाला लागली पाहिजे. जीएसटीचं उलट. कंपनी तो कर इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वळता करून घेणार असेल, तर त्यातला एक रुपयाही किमतीत यायला नको. जीएसटी कायदा स्पष्ट सांगतो की कराच्या रकमेवर घसारा घेतला तर त्या रकमेचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे २३,३८,४०० या आकड्यावर घसारा काढणाऱ्याने सव्वातीन लाखांहून मोठं क्रेडिट धोक्यात घातलेलं असतं. तेव्हा आपल्या लेथची किंमत : १८,८०,००० अधिक ३५,००० अधिक ४०,००० अधिक ४५,०००, एकूण बरोबर २०,००,००० रुपये.

इथे एक बारीक गोष्ट. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिले असतील, तर आयकर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरत नाही. गवंड्याला फाउंडेशनचे चाळीस हजार रोख मोजले असते, तर आयकरासाठी किंमत १९,६०,००० झाली असती. आपल्या कंपनीने सगळं बँकेतून दिलं, म्हणून वीस लाख हाच आकडा दोन्हीकडे चालेल.

आता दोन हिशेब वेगळे करायला हवेत, कारण या कंपनीला घसारा दोनदा काढावा लागतो. एक तिच्या वह्यांसाठी, म्हणजे नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंदासाठी. तिथे कंपनी कायदा, २०१३ आणि त्याची दुसरी अनुसूची लागू. दुसरा आयकर विवरणपत्रासाठी. ‘सरळ रेषा की घटती किंमत’, किंवा कारखान्यात बोलतात तसं ‘एसएलएम की डब्ल्यूडीव्ही’, ही निवड फक्त पहिल्या हिशेबात आहे. आयकरात वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगांना तेवढी सरळ रेषेची मुभा आहे. बाकी सगळ्यांना घटती किंमतच. हे माहीत नसल्यामुळे ‘टॅक्स वाचवायला कोणती पद्धत चांगली?’ असा प्रश्न लोक मनापासून विचारतात. वह्यांत कुठलीही पद्धत ठेवली तरी कर तेवढाच बसतो.

वह्यांतला हिशेब आधी करू. अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं उपयुक्त आयुष्य १५ वर्षं दिलं आहे, आणि आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत सर्वसाधारणपणे मूळ किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त धरायची नाही. वीस लाखांचे पाच टक्के म्हणजे एक लाख. हा भंगाराचा भाव समजा. उरलेले १९ लाख पंधरा वर्षांत झिजवायचे आहेत.

सरळ रेषेत ही झीज दरवर्षी सारखी : १९,००,००० भागिले १५, म्हणजे १,२६,६६७ रुपये. पहिलं वर्ष मात्र अपुरं आहे, म्हणून दिवसांच्या प्रमाणात. हे दिवस कुठून मोजायचे? हिशेबाच्या मानकात, एएस १० मध्ये, उत्तर आहे : मालमत्ता वापरासाठी उपलब्ध झाली तेव्हापासून. ती प्रत्यक्ष वापरली की झाकून ठेवली, हा प्रश्न सुरुवातीच्या तारखेसाठी नाही. आपला लेथ २८ सप्टेंबरला उपलब्ध झाला. सप्टेंबरचे ३ दिवस, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबर आणि जानेवारीचे प्रत्येकी ३१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१ : एकूण १८५. म्हणून पहिल्या वर्षाचा घसारा १,२६,६६७ गुणिले १८५ भागिले ३६५, म्हणजे ६४,२०१ रुपये. ३१ मार्च २०२५ ला वहीत लेथची किंमत उरली १९,३५,७९९. पुढच्या वर्षी पूर्ण १,२६,६६७, त्याच्या पुढच्या वर्षीही तेवढाच.

घटत्या किमतीत दर वेगळा लागतो, कारण तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर चालतो. पंधरा वर्षांनी वीस लाखांचा एक लाख उरावा असा दर हवा. तो शोधायचं सूत्र एक्सेलमध्ये असं लिहितात :

```
=1-(100000/2000000)^(1/15)
```

उत्तर येतं १८.१० टक्के. अर्थ साधा आहे. दरवर्षी शंभरातले अठरा-एक रुपये झडत गेले, तर पंधराव्या वर्षाअखेर शंभराचे पाच उरतात. पहिलं पूर्ण वर्ष असतं तर वीस लाखांवर ३,६२,००० रुपये झाले असते. १८५ दिवसांचे १,८३,४७९. मार्चअखेर किंमत १८,१६,५२१. दुसऱ्या वर्षी या उरलेल्या रकमेवर १८.१० टक्के : ३,२८,७९०. तिसऱ्या वर्षी २,६९,२७९.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहा. तीन मार्च उलटले, तेव्हा सरळ रेषेने वहीत लेथ १६,८२,४६६ रुपयांचा आहे आणि घटत्या किमतीने १२,१८,४५२ रुपयांचा. साडेचार लाखांहून जास्त फरक, आणि मशीन तेच. तो अडीच वर्षांचा लेथ विकायला काढला तर कुठला आकडा बाजाराला जवळ असेल? जुन्या मशीनच्या बाजारात फिरलेला कुणीही सांगेल की पहिल्या दोन-तीन वर्षांतच किंमत सर्वांत जास्त तुटते. शिवाय नवं मशीन पहिली काही वर्षं दुरुस्ती मागत नाही. नंतर स्पिंडलची बेअरिंग, बॉलस्क्रू, सर्वो ड्राइव्ह असे खर्च सुरू होतात. घसारा आधी जास्त आणि नंतर कमी असेल, तर दुरुस्ती वाढत जाते तसा तो उतरत जातो आणि दर नगामागे मशीनचा एकूण भार बराचसा सारखा राहतो. म्हणून कटिंग करणाऱ्या मशीनला मी घटती किंमतच सुचवेन. शेडसारख्या सावकाश आणि एकसारख्या झिजणाऱ्या वस्तूला सरळ रेषा शोभते.

छोट्या कंपन्या तरीही सरळ रेषेकडे का जातात, हे समजण्यासारखं आहे. पहिल्या वर्षी वहीत ६४ हजार खर्च पडतो की १,८३,०००, याने नफा एक लाख एकोणीस हजारांनी वर-खाली होतो. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायची असेल, तेव्हा नफा बरा दिसावा असं वाटतंच. पण बँकेत ताळेबंद वाचणारा माणूस नफ्यात घसारा परत मिळवून रोख किती सुटते ते पाहतो, आणि त्या बेरजेत दोन्ही पद्धतींनी एकच आकडा येतो. दिसण्यासाठी पद्धत निवडली, तर ती न बघणाऱ्यालाच फसवते.

आता आयकर. इथे लेथ एकटा उभा नसतो. सर्वसाधारण यंत्रांचा १५ टक्क्यांचा एक गट असतो आणि कारखान्यातला जुना लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर सगळे त्यात मिसळलेले असतात. नवीन मशीन आलं की त्याची किंमत गटात मिळवायची, जुनं विकलं की आलेली रक्कम गटातून वजा करायची. सर्वसाधारणपणे एका मशीनवर वेगळा नफा-तोटा निघत नाही.

वर्षाच्या मधोमध आलेल्या मशीनसाठी आयकरात दिवसांचं प्रमाण नाही. दोनच खाने आहेत. त्या आर्थिक वर्षात मशीन १८० दिवस किंवा जास्त वापरात राहिलं, तर पूर्ण दर. १८० पेक्षा कमी, तर अर्धा. १७९ दिवसांना अर्धा आणि १ दिवसालाही अर्धाच. मागे मोजत गेलं तर ३ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे नेमके १८० दिवस भरतात : ऑक्टोबरचे २९, मग ३०, ३१, ३१, २८ आणि ३१. फेब्रुवारी २९ दिवसांची असेल त्या वर्षी ही मुदत ४ ऑक्टोबरपर्यंत जाते. दिवस मोजताना सुरुवातीचा दिवस धरायला विसरू नये, काठावरच्या मशीनला तो एक दिवस महाग पडतो.

आणि इथे तारीख ‘उपलब्ध झाल्याची’ नाही. अट आहे ती मशीन धंद्याच्या कामाला लावल्याची. आपला लेथ दसऱ्याला कामाला लागला. १२ ऑक्टोबरपासून दिवस भरतात १७१. म्हणून १५ ऐवजी साडेसात टक्के, वीस लाखांवर १,५०,००० रुपये. तोच लेथ घटस्थापनेला, पितृपक्ष संपल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी चालू केला असता, तर बरोबर १८० दिवस आणि ३,००,००० रुपये. कंपनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या करपद्धतीत असेल तर अधिभार आणि उपकर धरून दर २५.१६८ टक्के पडतो. कमी पडलेल्या दीड लाख घसाऱ्यामुळे त्या वर्षी ३७,७५२ रुपये जास्त कर भरावा लागला. घटस्थापना काही अशुभ दिवस नाही. मशीनची पूजा दसऱ्याला करायला आणि कामाला त्याआधी नऊ दिवस सुरुवात करायला कुणाची हरकत असणार? फक्त हे सप्टेंबरात कुणीतरी सांगायला हवं होतं. सी.ए. साहेबांकडे फाइल जाते तोवर पुढचा उन्हाळा उजाडलेला असतो.

दीड लाख कायमचे गेले का? नाही, आणि घटत्या किमतीची खुबी इथेच समजते. न घेतलेला घसारा गटाच्या शिलकीत राहतो आणि पुढच्या वर्षी त्यावरही १५ टक्के मिळतात. दसऱ्याच्या लेथची शिल्लक पहिल्या मार्चला १८,५०,०००. दुसऱ्या वर्षी त्यावर २,७७,५००. घटस्थापनेच्या लेथची शिल्लक १७,००,००० आणि दुसऱ्या वर्षी २,५५,०००. म्हणजे दसऱ्याच्या लेथला २२,५०० जास्त मिळाले. तिसऱ्या वर्षी १९,१२५ जास्त. मागे राहिलेली रक्कम अशी दरवर्षी आधीपेक्षा बारीक हप्त्यात परत येत राहते. निम्म्याहून अधिक परत यायला पुढची पाच वर्षं लागतात, आणि पूर्ण तर गणिताने कधीच येत नाही, शेपूट राहतंच. छोट्या कारखानदाराला पैसा ऑक्टोबरमध्ये हवा असतो. मशीनच्या कर्जाचा हप्ता तेव्हाच सुरू झालेला असतो.

भागीदारीत किंवा एकट्याच्या मालकीच्या, सवलतीची करपद्धत न घेतलेल्या कारखान्यांना ही काठावरची तारीख आणखी जाचते. उत्पादन करणाऱ्यांना नव्या मशीनवर पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसारा मिळतो, आणि १८० दिवस न भरल्यास तोही निम्मा होतो. फक्त तिथे राहिलेले दहा टक्के दुसऱ्या वर्षी एकरकमी मिळतात. त्यांच्या वह्यांना कंपनी कायद्याची अनुसूची लागू नसते, म्हणून त्यांच्यापैकी बहुतेक जण वहीतही आयकराचेच दर लावतात आणि एकाच हिशेबात भागवतात.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, १८० दिवसांची अट तशीच राहिली.

‘मशीन कामाला लागलं’ हे कशावरून ठरवतात? बिलाच्या तारखेवरून नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिल करून घेऊन मशीन एप्रिलमध्ये आणणाऱ्यांना अर्धाही घसारा मिळत नाही, कारण त्या वर्षात मशीनने काम केलंच नाही. चाचणी उत्पादन हाही वापरच आहे, असं काही उच्च न्यायालयांनी मानलेलं आहे. त्या आधारे आपल्या कंपनीला २८ सप्टेंबर म्हणता येईल का? इंजिनिअरने स्वतःच्या बारमधून काढलेला टेस्ट पीस हा मशीनची अचूकता तपासण्यासाठी होता, आणि नंतर चौदा दिवस लेथ झाकलेला होता. यावर वाद घालता येईल, पण विसंबू नये. त्याच दिवशी गिऱ्हाइकाचं एक कास्टिंग लावून चार नग काढले असते, जॉब कार्डावर तारीख पडली असती आणि ते नग पुढच्या चलनाने गेले असते, तर बाजू बरीच भक्कम झाली असती. कागद असे हवेत जे घसाऱ्यासाठी तयार केलेले नाहीत, कामातून आपोआप पडलेले आहेत : जॉब कार्ड, उत्पादन नोंदवही, डिलिव्हरी चलन, इन्सर्ट बदलल्याची नोंद.

आता पहिल्या वर्षाचे आकडे एकत्र पाहू. वहीत सरळ रेषेने ६४,२०१ किंवा घटत्या किमतीने १,८३,४७९. आयकरात १,५०,०००. तिन्ही बरोबर आहेत. कंपनीने सरळ रेषा ठेवली असेल, तर आयकराने वहीपेक्षा ८५,७९९ रुपये घसारा आधीच देऊन टाकला आहे. पुढे कधीतरी आयकराचा घसारा वहीपेक्षा कमी पडेल आणि तेव्हा त्यावरचा कर भरावा लागेल. म्हणून ताळेबंदात ‘स्थगित कर’ या नावाने २१,५९४ रुपयांची देणं म्हणून नोंद येते. हा आकडा पाहून ‘हा कर कुणाला द्यायचाय?’ असं मालक विचारतात. आज कुणालाच नाही. दोन हिशेबांच्या वेगाचा तो फरक आहे. वहीत घटती किंमत असेल तर याच वर्षी फरक उलट बाजूला, ३३,४७९ रुपयांचा होतो.

चुका कुठे होतात हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे आणि त्या फार थोड्या प्रकारच्या असतात. सर्वांत नेहमीची म्हणजे दोन पद्धतींची खिचडी. सरळ रेषेचा दर ६.३३ टक्के असं कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं आणि दुसऱ्या वर्षी अकाउंटंट तो दर उरलेल्या किमतीवर लावतो. १९,३५,७९९ चे ६.३३ टक्के होतात १,२२,५३६, खरे हवेत १,२६,६६७. फरक चार हजारांचा, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पण दरवर्षी तो वाढत जातो आणि पंधरा वर्षांनी मशीन वहीत साडेसात लाखांच्या आसपास अडकून बसतं. ओळखायची खूण सोपी आहे : सरळ रेषेत मशीन पूर्ण वर्षभर असेल त्या सगळ्या वर्षांचा आकडा रुपयापर्यंत एकच दिसला पाहिजे. तो घसरत असेल तर कुणीतरी दर चुकीच्या रकमेवर लावला आहे.

दुसरी चूक आयकरात दिवसांचं प्रमाण लावण्याची. १७१ दिवसांचे म्हणून ३,००,००० गुणिले १७१ भागिले ३६५, म्हणजे १,४०,५४८ असा आकडा विवरणपत्रात दिसला, तर वहीची रीत तिकडे नेली गेली आहे. याच्या उलट, वहीत अर्धं वर्ष धरून ६३,३३३ टाकलेले दिसतात. रक्कम जवळची असली तरी अनुसूची तारखेपासून प्रमाणात मोजायला सांगते, अर्ध्या वर्षाची सवलत तिच्यात नाही.

तिसरी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा विस्मरण आहे. कंपनी कायद्यातली १५ वर्षं एका पाळीसाठी आहेत. दुसरी पाळी चालली तर तेवढ्या काळासाठी घसारा दीडपट, तिसरी चालली तर दुप्पट. आपल्या लेथवर जानेवारी ते मार्च ही ९० दिवसांची दुसरी पाळी चालली असती, तर सरळ रेषेत १५,६१६ रुपये आणखी पडले असते. आयकरात अशी वाढ नाही. शिरोलीसारख्या ठिकाणी ऑर्डर आली की दोन पाळ्या लागतातच, आणि हजेरीपत्रकावर त्या स्पष्ट दिसतात. अकाउंटंटच्या टेबलापर्यंत ते पत्रक पोचत नाही.

पद्धत मध्येच बदलता येते, पण ती मालमत्तेच्या वापराला जास्त जुळते म्हणून. २०१६ मध्ये सुधारलेलं एएस १० लागू झाल्यापासून बदलाचा परिणाम पुढच्या वर्षांवरच पडतो. आधीची वर्षं उघडून नव्याने मांडायची नसतात. समजा कंपनीने दोन वर्षांनी घटत्या किमतीवरून सरळ रेषेवर यायचं ठरवलं. तर त्या दिवशीच्या १४,८७,७३१ रुपयांतून एक लाख वजा करायचे आणि राहिलेली रक्कम उरलेल्या आयुष्यात सारखी वाटायची. उरलेलं आयुष्य मात्र ३१ मार्च २०२६ पासून २७ सप्टेंबर २०३९ पर्यंत, म्हणजे जेमतेम साडेतेरा वर्षं. इथे पुन्हा पूर्ण १५ धरणारे भेटतात.

ती २०३९ ची तारीखही वहीत आजच लिहून ठेवावी. सरळ रेषेत पहिलं वर्ष अपुरं होतं, म्हणून शेवटचंही अपुरं असणार. ६४,२०१ रुपये, मग चौदा पूर्ण वर्षांचे १,२६,६६७ प्रमाणे, आणि २०३९-४० मध्ये राहिलेले ६२,४६६. एवढं झाल्यावर लेथ एक लाखावर थांबतो. सॉफ्टवेअरमध्ये घसारा थांबवायची तारीख घातली नसेल, तर ते त्या वर्षीही पूर्ण रक्कम टाकून खाली जात राहतं. घटत्या किमतीने पाहिलं तर त्याच सप्टेंबरात वहीत १,०१,००० च्या आसपास उरतात, अपुऱ्या वर्षाच्या मोडणीमुळे किंचित जास्त. त्या सप्टेंबरात लेथ जॉब काढत असेलच, तर वहीतला एक लाख तसाच ठेवून तो चालू द्यायचा.